बोर्ड, पॅम्प्लेट आणि व्हिजिटिंग कार्डवर वेबसाईटचा क्यूआर कोड: प्रेसला ऑर्डर देण्याआधी हे वाचा

वेबसाईट तयार झाली, दोन-चार नातेवाईकांनी बघून छान म्हटलं, आणि मग पुढे कोणी फिरकत नाही, असं बहुतेकांचं होतं. मग कोणीतरी सुचवतं की बोर्डावर क्यूआर कोड टाक. सल्ला बरोबर आहे, पण छापलेली गोष्ट नंतर दुरुस्त होत नाही, त्यामुळे खरं काम सगळं छापायच्या आधीचं आहे आणि तेच कोणी नीट सांगत नाही. प्रेसवाला म्हणतो "कोड द्या, टाकतो", साईटवाला म्हणतो "कुठल्याही फ्री साईटवर बनवा", आणि मधल्या मधे आपण अडकतो.

आमची चिपळूणच्या बाजूला रोपवाटिका आहे. आंब्याची कलमं, वेंगुर्ला-४ आणि ७ काजू, बाणवली नारळ, थोडी फुलझाडं. रस्त्यावर बोर्ड आहे, पावसाआधी आठवडी बाजारात पॅम्प्लेट वाटतो, आणि येणाऱ्याच्या हातात कार्ड देतो. म्हणजे तिन्ही गोष्टी आल्या, म्हणून उदाहरण तेच घेतो. पत्ता म्हणून सगळीकडे `tumchenav.in` लिहिलंय, तिथे तुमचा टाका.

काय काय जवळ हवं

- स्वतःच्या नावावरचं डोमेन आणि त्याच्या अकाऊंटचा पासवर्ड
- वेबसाईटच्या होस्टिंगचं किंवा वर्डप्रेसचं लॉगिन
- कोड बनवायला इंकस्केप (फुकट आहे), नाहीतर कोरलड्रॉ वापरणारा डिझायनर
- मोजपट्टी आणि टेप. हो, खरंच लागतात
- दोन-तीन वेगवेगळे मोबाईल, त्यातला एक तरी जुना आणि स्वस्तातला

## १. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

बरेच जण साईट बनवणाऱ्या मुलालाच "डोमेन पण तूच घे" म्हणतात, तो ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या अकाऊंटमधून घेतो आणि दरवर्षी रिन्यू करतो. तोपर्यंत ठीक. पण एकदा का पत्ता पत्र्यावर आणि दोन हजार पॅम्प्लेटवर छापला, की तुमचा सगळा छापील माल त्या मुलाच्या रिन्यूअलवर लटकलेला असतो. तो दुबईला गेला, नंबर बदलला, डोमेन लॅप्स झालं, की बोर्ड उभा आणि कोड मेलेला. वर ते डोमेन दुसऱ्या कोणी घेतलं तर तुमच्या बोर्डावरून लोक त्याच्या साईटवर जाणार.

म्हणून छापायच्या आधी डोमेन तुमच्या अकाऊंटमध्ये ट्रान्सफर करून घ्या, तुमचा ईमेल आणि मोबाईल टाका, ऑटो-रिन्यू चालू करा आणि जमलं तर तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. मराठी नाव इंग्रजी अक्षरात लिहिताना व चा v होतो की w, आ ला एक a की दोन, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. `vatika` आणि `watika`, `deepali` आणि `dipali`. बोर्डावर वाचून नंतर घरी जाऊन टाईप करणारा माणूस त्याला जे सुचेल ते टाईप करतो. जास्त चालणारं दुसरं स्पेलिंग पण घेऊन ते मुख्य साईटवर वळवून ठेवणं परवडतं. नावात डॅश मात्र नको. फोनवर सांगताना "मधे आडवी रेघ" म्हणावं लागतं आणि समोरचा अंडरस्कोर टाकतो.

## २. कोडमध्ये साधा, छोटा, स्वतःचा पत्ता भरा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, जरा सावकाश वाचा.

क्यूआर कोड म्हणजे फक्त लिहिलेली अक्षरं, काळ्या-पांढऱ्या चौकटीत भरलेली. त्यात `https://` पासून जे लिहाल तेच कायमचं. त्याला एक्सपायरी नसते, पैसे लागत नाहीत, कोणाच्या सर्व्हरची गरज नसते. मग "तुमचा क्यूआर कोड बंद झाला आहे, प्लॅन घ्या" असा मेसेज लोकांना का दिसतो? कारण बऱ्याच फ्री साईट डायनॅमिक नावाचा कोड बनवून देतात. त्या कोडमध्ये तुमचा पत्ता नसतोच, त्या कंपनीची छोटी लिंक असते, आणि ती लिंक पुढे तुमच्या साईटवर ढकलते. ट्रायल संपली की ढकलणं बंद. तोवर तुमचे कार्ड वाटून झालेले असतात.

ओळखायचं कसं? कोड कॅमेऱ्यासमोर धरा आणि उघडायच्या आधी स्क्रीनवर जो पत्ता येतो तो वाचा. तिथे तुमचं डोमेन दिसलं पाहिजे, दुसरंच काही दिसलं तर तो कोड छापू नका.

पण डायनॅमिकचा फायदा खरा आहे: नंतर पान बदलता येतं आणि किती लोक आले ते कळतं. तोच फायदा स्वतःच्या डोमेनवर फुकट मिळतो. युक्ती अशी की कोडमध्ये पानाचा खरा पत्ता भरायचाच नाही, एक छोटा पत्ता भरायचा आणि साईटवर त्याला वळण द्यायचं, म्हणजे तो उघडला की माणूस आपोआप खऱ्या पानावर जातो. आमचे तीन आहेत:

- गेटवरच्या बोर्डासाठी `tumchenav.in/B`
- पॅम्प्लेटसाठी `tumchenav.in/P`
- कार्डासाठी `tumchenav.in/C`

तीन वेगळे कशाला, तर तिन्ही ठिकाणचा माणूस वेगळ्या मनःस्थितीत असतो. गेटवर उभा असलेल्याला आज काय शिल्लक आहे आणि दर काय ते हवं असतं. पॅम्प्लेटवाला बाजारात असतो, त्याला यायचं कसं आणि बुकिंग कसं करायचं ते बघायचं असतं. कार्डवाला येऊन गेलेला असतो, त्याला आपला नंबर सेव्ह करायचा असतो नाहीतर खताचं वेळापत्रक हवं असतं. तिघांना होमपेजवर आणून सोडलं तर तिघंही मेनू शोधत बसतात आणि बंद करतात.

वर्डप्रेस असेल तर `Redirection` नावाचं प्लगिन टाका, त्यात `/B` हा पत्ता आणि तो कुठे न्यायचा ते भरा, लहान-मोठं अक्षर सारखं धरायची टिक लावा. साईट साधी एचटीएमएल असेल आणि होस्टिंग अपाची किंवा लाईटस्पीडवर असेल (शेअर्ड होस्टिंग बहुतेक तसंच असतं) तर `.htaccess` फाईलमध्ये एक ओळ:

```
RedirectMatch 302 (?i)^/b/?$ https://tumchenav.in/dar/?utm_source=board
```

यात `(?i)` मुळे `/B` आणि `/b` दोन्ही चालतात. शेवटचा `utm_source=board` हा तुकडा अ‍ॅनालिटिक्ससाठी, म्हणजे तिथे बोर्डावरून आलेले वेगळे दिसतात.

एक गोष्ट जपा: प्रकार ३०२ च ठेवा, म्हणजे तात्पुरतं वळण. प्लगिन आपणहून ३०१ निवडून ठेवतं, त्याचा अर्थ कायमचं वळण, आणि मोबाईलचा ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मग पावसाळ्यात तुम्ही पान बदललंत तरी मे महिन्यात स्कॅन केलेल्या गिऱ्हाईकाला जुनंच पान दिसत राहू शकतं.

तुमची साईट अशी कुठल्या बिल्डरवर असेल की जिथे वळण देता येत नाही, तर `b` नावाचं एक साधं पानच बनवा आणि त्यावरचा मजकूर बदलत राहा. काम होतं.

## ३. कोड जितका कमी भरलेला तितका चांगला

छोटा पत्ता का हवा हे आकड्यात दाखवतो. क्यूआर कोड वेगवेगळ्या आकाराचे असतात, सगळ्यात छोटा २१ × २१ चौकटींचा, आणि मजकूर वाढला की पुढची पायरी, प्रत्येक पायरीला चार चौकटी जास्त. हा पत्ता बघा:

```
https://tumchenav.in/index.php?page_id=27&utm_source=board&utm_medium=print&utm_campaign=pavsala
```

ही ९६ अक्षरं झाली, मध्यम दुरुस्ती-पातळीला, ती काय ते पुढे येतंच, याचा कोड ४१ × ४१ चौकटींचा होतो. आणि हा:

```
HTTPS://TUMCHENAV.IN/B
```

फक्त २२ अक्षरं, कोड २५ × २५. व्हिजिटिंग कार्डावर दोन सेंटिमीटरची जागा दिली आणि त्यात चारही बाजूंची पांढरी पट्टी धरली, तर पहिल्या कोडची एक चौकट ०.४ मिलिमीटरची येते, दुसऱ्याची ०.६ ची. शाई जरा पसरली, कार्ड पाकिटात घासलं, फोनचा कॅमेरा साधा असला, की ०.४ वाला आधी हार मानतो.

सगळी अक्षरं मोठी का लिहिली? क्यूआरमध्ये मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि `:` `/` `.` अशी थोडी चिन्हं कमी जागेत भरायची सोय आहे. लहान अक्षर एक जरी आलं तरी ते जास्त जागा खातं. डोमेनला लहान-मोठ्याचा फरक पडत नाही, पण स्लॅशच्या पुढच्या भागाला पडू शकतो, म्हणून वर ती `(?i)` ची भानगड.

मराठी पानांच्या पत्त्यांची एक वेगळीच गंमत आहे. वर्डप्रेसमध्ये पानाचं नाव मराठीत दिलं की पत्ता पण मराठीत येतो, `/आंबा-कलमे` वगैरे. ब्राउझरमध्ये छान दिसतो, कॉपी केला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची `%E0%A4%86` अशी नऊ अक्षरं होतात, काना-मात्रा-अनुस्वार सुद्धा वेगळे मोजले जातात. नुसत्या "आंबा-कलमे" ची ७३ अक्षरं! हे कोडमध्ये भरलं की कोड म्हणजे मुंग्यांचं वारूळ. वळणाचा छोटा पत्ता वापरला की हा प्रश्नच राहत नाही, पान खुशाल मराठी नावाचं ठेवा.

दुरुस्ती-पातळी म्हणजे कोडचा काही भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून भरलेली जास्तीची माहिती. चार पातळ्या असतात: एल साधारण ७ टक्के, एम १५, क्यू २५ आणि एच ३०. कार्ड-पॅम्प्लेटला एम पुरते, उन्हापावसातल्या बोर्डाला क्यू घ्या. वरचा मोठ्या अक्षरांचा पत्ता क्यू पातळीलाही २५ × २५ मध्येच बसतो. मधे लोगो टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पण लोगो म्हणजे कोडचा तेवढा भाग तुम्ही स्वतःच्या हाताने खराब केलात, मग बोर्डावर चिखल उडाला की सोसायला काही उरत नाही. लोगो बाजूला टाका ना, तिथे जागा काय कमी आहे.

बनवायला इंकस्केपमध्ये `Extensions > Render > Barcode > QR Code` आहे. कोरलड्रॉमध्ये पण कोड थेट टाकायची सोय आहे, डिझायनरला फक्त पत्ता मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि तोच कॉपी-पेस्ट करायला सांगा, बघून टाईप करायला नको. लिनक्स वापरत असाल तर:

```
qrencode -l Q -m 4 -t SVG -o board.svg "HTTPS://TUMCHENAV.IN/B"
```

फाईल एसव्हीजी किंवा पीडीएफच घ्या, म्हणजे मोठी केली तरी चौकटींच्या कडा स्वच्छ राहतात. क्रोममधून शेअर करून जो कोड मिळतो तो इमेज असतो, आणि मधे डायनासोर पण असतो, तो मित्राला पाठवायला ठीक आहे.

## ४. टेप घेऊन अंतर मोजा

साधा हिशोब: जितक्या लांबून स्कॅन करायचं त्याच्या एक दशांश कोडची रुंदी हवी. तीन मीटरवरून करायचं असेल तर ३० सेंटिमीटर. हा अंदाज छोट्या पत्त्याच्या कोडला लागू आहे, भरगच्च कोडला अजून मोठा लागतो.

आता आमच्या बोर्डाचंच गणित घ्या. बोर्ड १० बाय ४ फुटांचा, रस्त्याच्या कडेला आठ फूट उंचावर. समोरच्या टपरीवर चहा पिणारा माणूस साधारण १२ मीटर लांब. त्याला स्कॅन करता यावं तर कोड १.२ मीटरचा हवा, म्हणजे चार फूट, म्हणजे बोर्डाची पूर्ण उंची. आणि गाडीतून जाणाऱ्याचा तर विचारच सोडा, ताशी ४० नं चाललेली गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते, तो फोन काढेपर्यंत बोर्ड मागे गेलेला असतो, आणि चालवणाऱ्याने गाडी चालवताना स्कॅन करू पण नये.

म्हणून मोठ्या बोर्डावर कोड टाकूच नका. तिथे नाव, काय मिळतं ते, आणि वेब पत्ता अक्षरात. कोड दुसरीकडे: गेटच्या खांबावर, जिथे माणूस थांबतो तिथे. आम्ही दीड बाय दोन फुटांची वेगळी एसीपीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या शीटची, पाटी लावली आहे, छातीच्या उंचीवर, त्यावर ६ इंचाचा कोड. दीड मीटरवरून आरामात येतो. नर्सरी बंद असताना आलेला माणूस तिथेच उभं राहून दर बघतो, फोन करतो, ही त्या पाटीची खरी कमाई. सनबोर्ड स्वस्त पडतो पण बाहेर वाकतो, आणि कोड वाकला की कॅमेरा गोंधळतो. पाटी पश्चिमेकडे तोंड करून असेल तर संध्याकाळचं ऊन थेट पडतं, तेव्हा वरती मॅट लॅमिनेशन सांगा, ग्लॉसीवर नुसती चमक दिसते.

मोठ्या बोर्डावरच्या वेब पत्त्याला अक्षरं किती मोठी? दहा फुटांना एक इंच उंची असा बोर्डवाल्यांचा जुना हिशोब आहे, शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. पण दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि दुसऱ्या लिपीची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, असा नियम आता महाराष्ट्रात सगळ्या आस्थापनांना आहे (२०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही). त्यामुळे वेब पत्ता नावापेक्षा लहानच ठेवा. `https://www.` वगैरे छापू नका, नुसतं `tumchenav.in`, सगळी लहान अक्षरं, साधा फॉन्ट. वळणदार फॉन्टमध्ये `rn` चं `m` होतं.

पॅम्प्लेट ए-फाईव्ह असेल तर कोड ३ सेंटिमीटरचा, आणि मधल्या घडीवर अजिबात नको. आमचं गिऱ्हाईक पॅम्प्लेटची चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवतं आणि आठवड्याने काढतं, तेव्हा घडीची रेघ कुठे येईल ते कागद हातात घेऊन दुमडून बघा. कार्डावर २ सेंटिमीटर, त्याच्या खाली जाऊ नका, आणि मागची बाजू त्यासाठी मोकळी ठेवा.

कार्डावर काही जण क्यूआरमध्येच नाव-नंबर-पत्ता सगळं भरतात, म्हणजे स्कॅन केलं की थेट कॉन्टॅक्ट सेव्ह. ऐकायला मस्त, पण तेवढा मजकूर भरला की दोन सेंटिमीटरमध्ये कोड मावत नाही आणि नंबर बदलला की कार्ड फुकट. त्यापेक्षा `/C` च्या पानावर "नंबर सेव्ह करा" असं बटण द्या.

## ५. प्रेसला फाईल देताना

हा टप्पा बहुतेकांना किरकोळ वाटतो, पण बाद होणारे कोड बहुतेक इथेच बाद होतात.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून छोटी होते, चौकटींच्या कडा धूसर होतात. डिझायनर मग तीच ओढून मोठी करतो.

काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा. फाईल स्क्रीनच्या रंगात बनलेली असते, ती कोरलमध्ये घेतली की काळ्याचे चार रंग होतात, थोडा निळा, थोडा लाल, थोडा पिवळा आणि काळा. ऑफसेटवर चार प्लेट एकमेकांवर तंतोतंत बसल्या तर ठीक, जरा सरकल्या की प्रत्येक चौकटीला रंगीत सावली येते. पॅम्प्लेटवर फोटोच्या कडेला लाल-निळी झाक दिसते ना, तेच. चौकट जर ०.६ मिलिमीटरची असेल तर एवढं सरकणं पण महागात पडतं. डिझायनरला एवढंच सांगा: "कोड के शंभर, बाकी तीन शून्य." त्याला कळतं.

कोडच्या चारही बाजूंना चार चौकटींएवढी मोकळी पांढरी जागा लागते. डिझायनरला मोकळी जागा बघवत नाही, तो तिथे बॉर्डर आणतो, पानं-फुलं आणतो, कोडच हिरव्या पट्टीवर ठेवतो. ऐकू नका. रंगीत बॅकग्राऊंड असेल तर कोडखाली पांढरा चौकोन टाकून घ्या. उलटा कोड, म्हणजे काळ्यावर पांढरा, काही फोन वाचतात, काही नाही. सोनेरी फॉईलचा कोड दिसतो श्रीमंत पण प्रकाश परत फेकतो, त्याच्या नादाला लागू नका.

आणि मापात बसवायला कोड एका बाजूने ताणला गेला नाही ना हे पट्टीने मोजा. उंची आणि रुंदी सारखीच हवी.

## ६. कोडशेजारी काय लिहायचं

आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे, असं डोक्यात बसलंय. भाजीवाल्यापासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे पेमेंटचाच कोड असतो. त्यामुळे नुसता कोड लावला की माणूस पेमेंट अ‍ॅप उघडतो, स्कॅन करतो, अ‍ॅप म्हणतं हा कोड चालत नाही, आणि तो म्हणतो "तुमचा कोड खराब आहे हो." दुसरा त्याहून सावध असतो, तो पैसे कापले जातील म्हणून हातच लावत नाही.

कोडच्या वर एक ओळ आणि खाली एक ओळ, बास. आमच्या गेटच्या पाटीवर असं आहे:

> आजचे दर आणि शिल्लक रोपं बघा
> (कोड)
> मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. हा पेमेंटचा कोड नाही.
> tumchenav.in/b

"स्कॅन मी" किंवा "आमच्या वेबसाईटला भेट द्या" याने कोणी फोन काढत नाही. काय मिळणार ते लिहा. खालचा छापील पत्ता दोन कामं करतो: ज्याला स्कॅन जमत नाही तो टाईप करतो, आणि ज्याला शंका आहे तो स्क्रीनवरचा पत्ता त्याच्याशी ताडून बघतो. पेमेंटचा कोड गल्ल्याजवळ, वेबसाईटचा गेटवर, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू नका.

## ७. छापायच्या आधीची तपासणी

डिझाईन फायनल झालं की प्रूफ खऱ्या मापात काढून घ्या, शंभर टक्क्यांवर, "पानात बसवा" ही सेटिंग काढून. स्क्रीनवरून स्कॅन झाला म्हणजे कागदावरून होईल असं नाही. मग:

- जुन्या फोनने करून बघा. ज्या फोनच्या साध्या कॅमेऱ्यात होत नाही त्यात गुगल लेन्सने होतो, तेही बघून ठेवा म्हणजे गिऱ्हाईकाला सांगता येतं.
- प्रूफ जिथे लागणार तिथे चिकटवा आणि जिथून लोक बघणार तिथे उभे राहा. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.
- वायफाय बंद करा. आमच्याकडे गेटवर नेटवर्कची एखादीच काडी असते, तिथे पाच-सहा एमबीचे फोटो असलेलं पान उघडतच नाही. गेटच्या कोडचं पान जितकं हलकं तितकं बरं: वर नाव, फोनचं बटण, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, मग दरांची यादी, फोटो सगळे खाली.
- पान उघडताना "सुरक्षित नाही" असा इशारा येतोय का बघा. येत असेल तर एसएसएल सर्टिफिकेट संपलंय किंवा लागलंच नाही, ते आधी करा.
- प्रेसवाल्याला पहिली चार-पाच पॅम्प्लेट निघाली की थांबायला सांगा, त्यातलं एक तिथेच मशीनजवळ स्कॅन करा. शाई ओली असताना थोडं हाताला लागेल, लागू दे.

फ्लेक्सवर कोड असेल तर फ्रेमवर ताणल्यानंतर पुन्हा एकदा स्कॅन करा, सुरकुती किंवा आयलेटची ओढ कोडमधून जात असेल तर लावणाऱ्याला तेव्हाच सांगा, तो शिडीवरून उतरला की परत चढत नाही.

## ८. लावल्यानंतर

पाटीवरून बोट फिरवायची सवय लावा, झाडाला पाणी घालताना वगैरे. दुसऱ्याच्या कोडवर आपला स्टिकर चिकटवून पैसे उकळायचे प्रकार होतात, ते जास्त करून पेमेंटच्या कोडवर, पण वेबसाईटच्या कोडवर पण करता येतं. बोटाला कड लागली की समजायचं. फोटोत दिसत नाही. एसीपीवर थेट छापून घेतलेली पाटी असेल तर वर चिकटवलेलं लगेच उठून दिसतं.

ऊन लागणाऱ्या पाटीचा काळा रंग हळूहळू राखाडी होतो, रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. पावसाळा संपला की जुन्या फोनने एकदा स्कॅन करा, पटकन आला नाही, कॅमेरा पुढे-मागे करावा लागला, तर नवीन स्टिकर लावायची वेळ झाली.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा, `Redirection` प्लगिनमध्ये दिसणाऱ्या आकड्यात तुमचे स्वतःचे टेस्ट, गुगलचे बॉट, एकाच माणसाचे दोन-तीन स्कॅन सगळं येतं. तो आकडा गिऱ्हाईकांचा नाही, फक्त बोर्ड, पॅम्प्लेट, कार्ड यांची एकमेकांशी तुलना करायला चालतो. पॅम्प्लेट दोन ठिकाणी वाटणार असाल, समजा बाजारात आणि पेपरात घालून, तर `/P1` आणि `/P2` असे वेगळे कोड टाका. प्रेसमध्ये त्यासाठी दुसरी प्लेट लागत असेल तर खर्च वाढतो, मग डिजिटल प्रिंटवर थोडे काढून एका सीझनला बघा आणि पुढच्या वर्षी जिथून लोक आले तिथेच वाटा. आमच्याकडे पेपरातल्यापेक्षा कृषी सेवा केंद्राच्या काऊंटरवर ठेवलेल्या पॅम्प्लेटवरून जास्त स्कॅन येतात, आणि ते वाटायला पैसे पण लागत नाहीत, फक्त दुकानदाराला वर्षाला एखादं हापूसचं कलम द्यावं लागतं.